पावसाळ्यातील विजेची स्कूटर : प्रस्तावना

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या माहितीपत्रकात ‘आयपी ६७’ अशी एक नोंद हटकून आढळते, आणि विक्री दालनात तिचा उलगडा बहुधा ‘गाडी वॉटरप्रूफ आहे’ एवढ्या एका वाक्यात केला जातो. या वाक्यावर विसंबून एखादा ग्राहक गुडघाभर पाण्यात गाडी घालतो, तर दुसरा विजेच्या वस्तूला पाणी लागणे म्हणजे अपघातच, या समजुतीने पावसाच्या पहिल्या सरीला गाडी झाकून ठेवतो. त्या नोंदीत खरोखर काय म्हटले आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते. ती नोंद एका नेमक्या चाचणीचा निकाल आहे. ती चाचणी कशावर, कोणत्या पाण्यात, किती वेळ आणि कोणत्या अवस्थेत झाली हे कळल्यावर गाडी कशी धुवावी आणि साचलेल्या पाण्यातून कशी न्यावी, याचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. प्रस्तुत पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केलेली आहे, आणि या प्रस्तावनेत तिचा पाया तेवढा घालून द्यायचा आहे.

‘आयपी’ ही इंग्रजी आद्याक्षरे बाहेरच्या वस्तूंच्या शिरकावापासून मिळणारे संरक्षण दर्शवतात, आणि त्यांच्यापुढील दोन अंक स्वतंत्रपणे वाचायचे असतात. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०५२९ या क्रमांकाच्या मानकात, जे भारतीय मानक म्हणूनही स्वीकारलेले आहे, पहिला अंक शून्य ते सहा या मापावर धूळ आणि घन वस्तूंविषयी बोलतो, तर दुसरा अंक शून्य ते नऊ या मापावर पाण्याविषयी. ‘आयपी ६७’ मधील सहा म्हणजे धूळ आत मुळीच जाणार नाही, आणि सात म्हणजे काही काळ पाण्यात बुडवूनही अपाय होईल इतके पाणी आत जाणार नाही. धुळीची चाचणी घेतलेली नसेल तर पहिल्या अंकाच्या जागी इंग्रजी ‘एक्स’ हे अक्षर येते. ‘आयपीएक्स ४’ असे लिहिलेले असले तर त्या भागाने चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसले आहेत, धुळीबद्दल मात्र काहीच सांगितलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. लंडनपासून बर्लिनपर्यंतच्या शहरांत उभ्याने चालवायच्या ज्या छोट्या घडीच्या स्कूटर दिसतात, त्यांतील अनेकींवर चार किंवा पाच एवढाच अंक असतो. बसून चालवायच्या, नोंदणी होणाऱ्या भारतीय स्कूटरच्या बॅटरीवरचा सात हा अंक त्यांना लागू करून चालत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांनी हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

या अंकांच्या बाबतीत सर्वांत जास्त दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे ते शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात, पण सहाच्या पुढे ते तसे राहत नाहीत. एक ते सहा या अंकांच्या चाचण्या चढत्या क्रमाच्या आहेत, म्हणजे ज्या पेटीने सहावी चाचणी सोसली ती खालच्या पाचही सोसते असे धरले जाते. पाचव्या चाचणीत ६.३ मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी अडीच ते तीन मीटरवरून निरनिराळ्या दिशांनी मारतात, आणि सहाव्या चाचणीत साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर. सातव्या अंकापाशी मात्र प्रश्नच बदलतो. तेथे पाण्याचा मारा नसतो, तेथे वस्तू संथ पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवतात. पेटी लहान असेल, म्हणजे तिची उंची ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर तिचे तळाचे टोक पाण्याच्या पृष्ठभागापासून एक मीटर खाली राहील अशी ती ठेवली जाते. धारेचा मारा आणि संथ पाण्याचा दाब ही दोन वेगळी संकटे आहेत. शांत पाण्यात सर्व बाजूंनी सारखा दाब येतो आणि तो पुष्कळदा रबराची कडा तिच्या खाचेत आणखी घट्ट बसवतो. धार मात्र एकाच ठिकाणी आदळते, कडा उचलते आणि तिच्याखाली शिरते. म्हणून सातवी चाचणी उत्तीर्ण झालेली पेटी पाचवी किंवा सहावी सोसेलच असे मानक मुळीच म्हणत नाही. दोन्ही गुण असतील तर दोन्ही अंक लिहायचे असतात, उदाहरणार्थ ‘आयपी ६६ आणि आयपी ६७’. माहितीपत्रकात नुसते ६७ असेल तर त्या भागावर धार मारून पाहिलेली आहे असे गृहीत धरता येत नाही, आणि गाडी धुण्याच्या दृष्टीने हीच माहिती सर्वांत मोलाची आहे.

दुसरी गोष्ट अशी की तो अंक गाडीचा नसतो, भागाचा असतो. भारतात नोंदणी होणाऱ्या विजेच्या दुचाकींसाठी ‘एआयएस १५६’ हे सुरक्षामानक लागू आहे. वाहन उद्योगाची ही मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच सर्वसाधारण बोलण्यातील ‘एआरएआय’, प्रसिद्ध करते. २०२२ साली विजेच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटनांनंतर या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि बॅटरीच्या संचासाठी पाण्यात बुडवण्याची सातव्या अंकाची चाचणी त्यांत आली. त्यामुळे आज बॅटरीबाबत ग्राहकाला बऱ्यापैकी निर्धास्त राहता येते. परंतु स्कूटर म्हणजे केवळ बॅटरी नव्हे. मोटर, मोटरला वीज मोजून पुरवणारा कंट्रोलर, हँडलवरील बटणे, समोरचा पडदा, ॲक्सिलरेटरच्या मुठीतील संवेदक, या सर्वांना जोडणाऱ्या वायरी आणि त्यांचे कनेक्टर, चार्जिंगचे तोंड आणि सोबत मिळणारा चार्जर या प्रत्येकाची पाणी सोसण्याची ताकद वेगळी असते, आणि गाडी पाण्यात बंद पडते ती बहुतेक वेळा यांतील सर्वांत कच्च्या दुव्यामुळे. कनेक्टरचा अंक तर त्याचे दोन्ही अर्धे एकमेकांत पक्के बसलेले असतील तेव्हाच खरा असतो. चार्जिंगचे तोंड वापराबाहेर असताना केवळ एका रबरी झाकणावर विसंबून असते, आणि त्या झाकणाच्या कडेत वाळूचा एक कण अडकला तरी पाण्याला वाट मिळते. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या ज्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, त्यांच्या बाबतीत कोणत्या भागाला कोणता अंक आहे हे विक्रेत्याकडून लेखी घेणे इष्ट. नुसते ‘वॉटरप्रूफ’ हे उत्तर तेथे चालवून घेऊ नये.

तिसरी गोष्ट, आणि या पुस्तकाचा खरा विषय तिच्यापासून सुरू होतो, ती चाचणीच्या अवस्थेची. प्रयोगशाळेत बुडवला जाणारा भाग नवा असतो, स्थिर असतो, पाणी स्वच्छ आणि गोडे असते, आणि पाण्याचे व त्या भागाचे तापमान यांत पाच अंशांहून अधिक फरक नसावा अशी अट असते. रस्त्यावरील स्कूटर या चारही अटी मोडते. ती चालत असते, तापलेली असते, पाणी गढूळ किंवा खारट असते, आणि गाडीला तीन-चार पावसाळे झालेले असतात. यांतील वेग आणि ताप या दोन गोष्टींचा परिणाम साध्या अंकगणिताने दाखवता येतो, म्हणून त्यांच्याकडे येथे थोडे सावकाशीने पाहू.

समजा एका सखल रस्त्यावर वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, पाणी साचले आहे. बारा इंची चाकाच्या स्कूटरला ९०/९०-१२ मापाचा टायर असेल तर चाकाची एकूण उंची सुमारे ४७ सेंटिमीटर भरते, म्हणजे आस जमिनीपासून साधारण २३ सेंटिमीटरवर असतो. हे पाणी आसाच्या किंचित खालीच राहील. मागच्या चाकातच बसवलेली मोटर असेल, जिला हब मोटर म्हणतात, तर तिचा जवळजवळ निम्मा भाग पाण्यात जाईल. गाडी उभी असेल तर पाण्याचा दाब नगण्य आहे, एक मीटर सोसलेल्या भागाला तो जाणवणारही नाही. पण वाहते पाणी एखाद्या पृष्ठभागावर आदळून थांबते तेव्हा त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते, आणि तो दाब किती खोलीच्या पाण्याइतका आहे हे वेगाचा वर्ग करून त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागल्यास मिळते. ताशी १० किलोमीटर वेगाला हे उत्तर सुमारे ४० सेंटिमीटर येते, २० ला दीड मीटरहून थोडे अधिक, आणि ४० ला सव्वासहा मीटर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून हे आकडे इतक्या झपाट्याने चढतात. वीतभर पाण्यातून ताशी ४० ने गेलेल्या गाडीच्या पुढच्या बाजूच्या भागांवर क्षणभर का होईना, सहा मीटर खोल विहिरीच्या तळाइतका दाब येऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे, कारण पाणी समोरासमोर आदळून पूर्ण थांबेल अशा जागा थोड्याच असतात आणि तो दाब अर्धा तास टिकत नाही. तरीही एक मीटरची हमी आणि सहा मीटरचा धक्का यांतील अंतर त्यावरून कळते. हाच हिशेब चाचणीच्या धारेला लावला तर पाचव्या चाचणीतील धारेचा वेग ताशी सुमारे २४ किलोमीटर आणि सहाव्या चाचणीतील धारेचा ४९ च्या आसपास निघतो. म्हणजे पाण्यातून ताशी ४० ने गाडी नेणे हे तिच्या तळावर पाचव्या चाचणीपेक्षा जोरदार धार धरण्यासारखे आहे, आणि ज्या भागावर नुसता सात हा अंक आहे त्याची अशी परीक्षा कोणी घेतलेलीच नसते.

या हिशेबातून निघणारा नियम पेट्रोलच्या गाडीवर तयार झालेल्या सवयीच्या नेमका उलट आहे. पेट्रोलच्या स्कूटरचा सायलेन्सर पाण्याखाली गेला तर इंजिन बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, आवाज चढता ठेवून पाणी मागे टाकायचे, हे पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते. विजेच्या मोटरला श्वास घ्यावा लागत नाही. तिला हवा ओढायची नसते आणि धूर सोडायचा नसतो, म्हणून पाण्यात जोर धरण्याचे कारणच उरत नाही. माणूस भरभर चालतो तितक्या वेगाने, ताशी पाच ते आठ किलोमीटरने, एकसारखे जात राहिले तर आदळणाऱ्या पाण्याचा दाब १० ते २५ सेंटिमीटर खोलीइतकाच राहतो. मध्येच वेग वाढवला की चाकापुढे पाण्याची लाट उठते आणि जे पाणी आसाखाली होते ते फूटबोर्डवर येते. शेजारून बस किंवा ट्रक जात असेल तर त्याचीही लाट येते, म्हणून त्याला पुढे जाऊ देऊन पाणी शांत झाल्यावर निघावे. रस्ता बहुधा मध्यभागी उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो, त्यामुळे वाहतूक परवानगी देईल तितके मध्यावरून जाणे बरे. खोलीचा अंदाज घेण्यासाठी पदपथाची कडा उपयोगी पडते. ती साधारण १५ सेंटिमीटर उंच असते. ती दिसेनाशी झाली असेल तर पाणी गाडीच्या तळाला लागणार असे समजावे, आणि उभ्या असलेल्या स्कूटरच्या चाकाचा मध्य बुडालेला दिसला तर तेथून परत फिरावे. उत्पादकाने पुस्तिकेत पाण्यातून जाण्याची कमाल खोली दिलेली असेल तर ती पाळावी, मात्र तीही संथ गतीसाठीच आहे असे मानून.

आता तापाकडे वळू. दहा-बारा किलोमीटर रपेट करून आलेल्या गाडीच्या कंट्रोलरमध्ये किंवा मोटरमध्ये कोंडलेली हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असू शकते. तापताना तिचा काही भाग कडांमधून हळूहळू बाहेर निघून गेलेला असतो. याच अवस्थेत २७ अंशांचे पाणी गाडीवर पडले की आतील हवा झपाट्याने थंड होते आणि तिचा दाब उतरतो. निरपेक्ष तापमानात हिशेब केला तर ३३३ वरून ३०० वर येणे म्हणजे दाब सुमारे एक दशांशाने घटणे. वातावरणाच्या दाबाचा एक दशांश म्हणजे जवळजवळ एक मीटर पाण्याचा दाब. याचा अर्थ तापलेल्या गाडीवर मगाने पाणी ओतले, तरी त्या पेटीच्या दृष्टीने ती एक मीटर खोल बुडाली, आणि तेही बाहेरचे पाणी आत ढकलले जात नसून आतली पोकळी ते ओढून घेत असते. चांगल्या बनावटीच्या पेट्यांना यासाठी श्वसनझडप असते. नखाएवढ्या चकतीत बसवलेला अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा असे तिचे रूप असते. तो हवेला जाऊ देतो आणि पाण्याच्या थेंबाला अडवतो. मात्र त्यावर चिखल लिंपला गेला किंवा तेलकट फवारा बसला तर हवेची वाट बंद होते, आणि मग पेटी पुन्हा कडांमधूनच श्वास घेऊ लागते. म्हणून गाडी धुण्यापूर्वी ती सावलीत निदान अर्धा-पाऊण तास उभी करणे, हात लावला तर मोटर कोमटही लागू नये इतकी थंड होऊ देणे, ही धुण्याची पहिली पायरी आहे. भर उन्हातून आणून लगेच पाणी मारण्याची घाई वर्षानुवर्षे केली तर नुकसान एका दिवसात दिसत नाही, ते हळूहळू साचते.

धुण्याच्या बाबतीत दुसरे मोठे संकट म्हणजे वॉशिंग सेंटरवरची दाबाची तोटी. पाचव्या-सहाव्या चाचणीतील धारेचा दाब हिशेबाने एक बारच्या आतच राहतो. बार म्हणजे ढोबळमानाने वातावरणाचा एक पट दाब. धुण्याच्या यंत्राच्या पंपाचा दाब मात्र शंभर बारच्या घरात असू शकतो. तोटीपासून दूर जाताना त्याचा जोर झपाट्याने ओसरतो हे खरे, पण चिखल निघत नाही म्हणून तोटी चाकाच्या आसापासून वीतभर अंतरावर आणली जाते तेव्हा तो जोर बेअरिंगच्या कडेवर पुरता पडतो. अशा माऱ्यासाठी मानकात नवव्या अंकाची वेगळी चाचणी आहे, ज्यात ८० अंशांचे गरम पाणी ८० ते १०० बार दाबाने जवळून मारतात. ती चाचणी केल्याचा उल्लेख नसेल तर दाबाची तोटी गाडीवर वापरू नये. हब मोटर असलेल्या गाडीत आस आणि वायर जेथे एकत्र बाहेर येतात ती जागा विशेष जपावी लागते. तेथे वायर सरळ वर जात नाही. आधी खाली झुकते, एक लोंबता वळसा घेते आणि मग वर चढते, जेणेकरून वायरवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जावे आणि मोटरच्या तोंडाकडे वळू नये. एखाद्या दुरुस्तीनंतर ती वायर नीटनेटकी दिसावी म्हणून पट्टीने घट्ट बांधली जाते आणि वळसा नाहीसा होतो. दिसायला क्षुल्लक असलेली ही चूक पुढच्या पावसाळ्यात मोटर उघडायला लावते.

बादली, मग, मऊ कापड किंवा स्पंज आणि गाडीसाठीचा सौम्य शाम्पू एवढ्या साहित्यात विजेची स्कूटर उत्तम धुता येते. गाडी बंद करून चावी काढलेली, चार्जर सोडवलेला आणि चार्जिंगचे झाकण दाबून बसवलेले असावे. बॅटरी काढता येणारी असेल तरी ती जागेवरच राहू द्यावी, कारण तिचा कनेक्टर जोडलेला असतानाच झाकला जातो. बॅटरी काढून रिकाम्या खाचेत पाणी गेले तर उघड्या पिना ओल्या होतात. वरून खाली हलक्या हाताने पाणी ओतत चिखल भिजवावा, चाके आणि मडगार्ड सर्वांत शेवटी घ्यावीत, आणि हँडलवरील बटणे, पडदा व सीटखालची जागा पिळलेल्या ओल्या कापडाने नुसती पुसावी. बागेची साधी नळी वापरायची असेल तर बोटाने तोंड दाबून धार काढू नये, पाणी मोकळे पडू द्यावे. रॉकेल किंवा डिझेलचा फवारा मारून चकाकी आणण्याची जी जुनी रीत गॅरेजमध्ये आहे, ती येथे पूर्णपणे वर्ज्य समजावी. पाणी अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रबरांपैकी ईपीडीएम आणि सिलिकोन ही रबरे अशा तेलांत फुगतात. फुगलेली कडा खाचेतून सरकते आणि तेल उडून गेल्यावर पूर्वीच्या मापावर नीट बसत नाही. पेट्रोलच्या गाडीच्या इंजिनावरील चिकटा काढण्यासाठी ही रीत आली असावी. विजेच्या गाडीत तो चिकटाच नसतो.

गढूळ आणि खारट पाण्याविषयी थोडे वेगळे सांगावे लागते. पावसाचे पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नाही, पण गटारात मिसळलेले पाणी त्याहून चांगले आणि समुद्राचे पाणी कित्येक पटींनी चांगले वाहक असते. कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसला आणि त्यांच्यात ५०-६० व्होल्टचा एकदिश दाब असला, तर त्या थरातून मंद प्रवाह सुरू होतो आणि एका पिनेचे तांबे झिजून हिरवट पूड बनू लागते. २०२२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात इयान चक्रीवादळाने समुद्राचे पाणी आत आणले, तेव्हा त्यात बुडालेल्या विजेच्या काही मोटारींना पाणी ओसरल्यानंतर आगी लागल्या. धोका पाण्यात असताना टळला आणि मागाहून उभा राहिला. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर भरतीचे पाणी आले असेल तर त्यातून गाडी नेऊच नये, आणि नकळत गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालचा भाग हलकेच धुऊन, पुसून वाळवावा. आतपर्यंत पाणी गेले असल्याची शंका असेल तर मात्र धुण्याने काही साधत नाही.

पाणी आत गेले आहे हे ओळखण्याच्या खुणा बहुधा स्पष्ट असतात, फक्त त्यांच्याकडे पाहण्याची सवय हवी. समोरच्या पडद्याच्या काचेआड सकाळी धुके दिसते आणि उन्हाने नाहीसे होते. ही ओलावा आत कोंडल्याची पहिली खूण. ॲक्सिलरेटर फिरवल्यावर गाडी क्षणभर दाद देत नाही किंवा आचके देते, तेव्हा मुठीतील किंवा मोटरमधील संवेदकाच्या जोडात ओल आहे असे समजावे. स्टँडवर चाक हाताने फिरवले तर घरघर जाणवते किंवा आसाजवळून तांबूस पाण्याचा ओघळ उतरलेला दिसतो, म्हणजे बेअरिंगमधून पाणी आत गेले आहे. पडद्यावर निरोधनाचा, म्हणजे वीजवाहक भाग गाडीच्या सांगाड्यापासून नीट वेगळे राहिले नसल्याचा, इशारा आला तर गाडी तेथेच बंद करावी. चार्जर लावताच घरातील गळतीरोधक स्विच पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. विजेचा प्रवाह जिथे जायला नको तिथे जात असल्याचे तो सांगत असतो. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता ढकलत कोरड्या जागी आणावी, घराच्या भिंतीपासून आणि इतर वाहनांपासून अंतर ठेवून उघड्यावर उभी करावी आणि दुरुस्ती केंद्राला कळवावे. बॅटरीतून फुसफुस आवाज, गोडसर किंवा रसायनासारखा वास, धूर किंवा अनपेक्षित उष्णता जाणवली तर जवळ न जाता अग्निशमन दलाला बोलवावे.

वय आणि दुरुस्ती यांचाही या अंकाशी संबंध आहे. रबराची कडा उन्हाने, उष्णतेने आणि सततच्या दाबाने कालांतराने चपटी व टणक होते, आणि कारखान्यातील अंक कागदावर तसाच राहिला तरी तिची लवचीकता तशी राहत नाही. बॅटरी किंवा कंट्रोलरची पेटी एकदा उघडली की जुनीच कडा परत बसवणे आणि स्क्रू ओळीने एकीकडून आवळत जाणे, या दोन गोष्टींमुळे ती पुन्हा बंद झाल्यासारखी दिसते पण पाणी अडवत नाही. कडा नवी हवी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे आवळायला हवेत. बाहेरून बसवलेले दिवे, गजर किंवा ठावठिकाणा सांगणारे उपकरण जोडण्यासाठी मूळ वायर सोलून चिकटपट्टी गुंडाळली जाते, तेव्हा त्या एका जागेतून पाणी तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून केशाकर्षणाने, म्हणजे वात तेल ओढते तसे, पुष्कळ लांबपर्यंत आत सरकू शकते. कनेक्टर कितीही चांगला असला तरी पाणी त्याच्या मागच्या दाराने येते.

पाण्यातून बाहेर पडल्यावर किंवा धुणे संपल्यावर दोन कामे राहतात. पहिले ब्रेकचे: संथ वेगात दोन्ही ब्रेक हलके दाबून काही मीटर जावे, म्हणजे ओलसर पट्ट्या घासून कोरड्या होतात आणि पकड परत येते. दुसरे चार्जिंगचे, आणि त्यात घाई करू नये. झाकण उघडून आत डोकावून पाहावे. पिनांवर थेंब दिसला तर कोरडे सुती कापड टेकवून तो टिपून घ्यावा, कापड आत खुपसू नये, तोंडाने फुंकर घालू नये कारण उच्छ्वासातही ओल असते. हेअर ड्रायरच्या गरम हवेपेक्षा पंख्याची साधी हवा तासभर लागू द्यावी. चार्जर स्वतः पावसात ठेवायची वस्तू नव्हे. तो जमिनीवर न ठेवता आडोशाला फळीवर ठेवावा, आणि ज्या जोडणीतून तो वीज घेतो तिला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असल्याची खातरी वायरमनकडून एकदा करून घ्यावी. पिना कोरड्या, हात कोरडे आणि पायाखालची फरशी कोरडी असल्यावरच प्लग लावावा.